‘साहाय्यक’ या एका शब्दात किती माणसं मावतात?

सिनेमाच्या शेवटी वर सरकत जाणाऱ्या नावांना आपण श्रेयनामावली म्हणतो, पण मनातून तिला आभारप्रदर्शनच समजतो. स्नेहसंमेलनात शेवटी कुणीतरी उठून मांडववाल्यापासून प्रमुख पाहुण्यांपर्यंत सगळ्यांचे आभार मानतो, तसलंच काहीतरी. एखादं नाव राहिलं तर ‘राहिलं रे, चुकून राहिलं’ म्हणायचं आणि पुढे जायचं. मला हे पटत नाही. श्रेयनामावली ही नोंद आहे. कोणी कोणतं काम केलं याची, आणि बहुतेक वेळा ती एकमेव सार्वजनिक नोंद असते. नोंदीत चूक झाली तर ती सौजन्याची चूक राहत नाही, माहितीची चूक होते. आणि ती चूक कशी होते, हे पाहायला आपल्या गोव्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आधी रचना समजून घेऊ. सिनेमातलं नाव दोन जागी येतं. एक म्हणजे पाटी, जिला आता सगळे टायटल कार्ड म्हणतात. ती पडद्यावर स्थिर असते, एका वेळी एक किंवा मोजकी नावं घेऊन. दुसरी जागा म्हणजे शेवटची सरकती यादी. जुन्या सिनेमांत ही दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच. सगळी नावं सुरुवातीलाच येत आणि शेवटी फक्त ‘समाप्त’. प्रेक्षक गोष्ट सुरू व्हायची वाट पाहत बसलेले, म्हणून सुरुवातीची नावं दोन-तीन मिनिटांत उरकायची. त्यामुळे पाट्या मोजक्या, आणि कोणाचं नाव घ्यायचं याची निवड अगदी कडक. विभागप्रमुखाचं नाव यायचं, त्याच्या हाताखालच्या एक-दोघांचं ‘साहाय्यक’ म्हणून यायचं, बाकीच्यांचं नाही. हे दुष्टपणाने झालं असं मी म्हणत नाही. जागाच नव्हती. पण जागेच्या टंचाईतून जी पद्धत पडली, ती जागा मिळाल्यावरही तशीच राहिली. माझी तक्रार तिथे आहे.

पाट्यांचा क्रमही कोणाच्या मर्जीने ठरत नाही, किंवा ठरू नये म्हणून लोक भांडले आहेत. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम आहे की नावं सुरुवातीला असतील तर दिग्दर्शकाची पाटी सगळ्यांत शेवटी, म्हणजे गोष्ट सुरू होण्याच्या लगेच आधी यावी. सगळी नावं शेवटी असतील तर तीच पाटी सर्वांत पहिली. दोन्ही नियमांचा अर्थ एकच : गोष्टीला सगळ्यांत जवळचं नाव दिग्दर्शकाचं. १९८० साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आला तेव्हा जॉर्ज लुकासने आधीच्या ‘स्टार वॉर्स’प्रमाणेच सुरुवातीला नावं दिली नाहीत. दिग्दर्शक होता अर्विन कर्शनर, आणि त्याचं नाव शेवटी. पण सुरुवातीला ‘लुकासफिल्म’ हे कंपनीचं नाव झळकत होतं आणि त्या नावात लुकास होता. संघटनेने दंड केला. लुकासने तो भरला आणि संघटना सोडून दिली. एका पाटीच्या जागेवरून एवढं! आपल्याला हसू येईल, पण मला त्या संघटनेचं म्हणणं कळतं. पाटी कुठे आहे यावरून प्रेक्षक ठरवतो की सिनेमा कोणाचा.

जागेइतकंच महत्त्व शब्दाला आहे. तिकडच्या लेखकांच्या संघटनेत दोन नावांमध्ये ‘&’ हे चिन्ह असेल तर त्या दोघांनी जोडीने बसून लिहिलं, आणि मध्ये ‘अँड’ हा शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहिलं, बहुधा एकाच्या मागून दुसऱ्याने. एका चिन्हात एवढी माहिती भरलेली आहे. मराठीत आपण ‘आणि’ लिहितो, ‘व’ लिहितो, कधी मध्ये फक्त एक रेघ मारतो, आणि तिन्हींचा अर्थ सारखाच धरतो. उलट एक चांगली गोष्ट आपल्याकडे आहे : कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं वेगवेगळी मोजायची सवय. आपल्या सिनेमांच्या पाट्यांवर ती वेगळी दिसतात. म्हणजे लेखनाच्या बाबतीत बारकाई आपल्याला जमते. संगीताच्या बाबतीत का जमली नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता गोव्याकडे येतो. हिंदी सिनेमाच्या संगीताचा सुवर्णकाळ म्हणून आपले आईवडील ज्या गाण्यांबद्दल बोलतात, त्यांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक किती होते हे इथल्या घराघरांत माहीत आहे. पोर्तुगीज काळात चर्चशी जोडलेल्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, व्हायोलिन शिकवत. ही मुलं मुंबईला गेली तेव्हा त्यांच्याकडे एक असं कौशल्य होतं जे स्टुडिओत फार थोड्यांकडे होतं : कागदावर लिहिलेलं संगीत वाचता येणं आणि लिहिता येणं.

संगीतकार चाल करतो. पेटीवर गाऊन दाखवतो. पण गाणं म्हणजे फक्त चाल नव्हे. सुरुवातीचा तुकडा कोणत्या वाद्यावर, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजणार, गायक ओळ धरून थांबला की मागून व्हायोलिनचा थवा कोणत्या सुरांवर चढणार, चेलो खाली काय धरून ठेवणार, हे सगळं कोणीतरी ठरवून प्रत्येक वादकासाठी वेगळ्या कागदावर लिहून द्यावं लागतं. वीस-तीस व्हायोलिनवाल्यांना ‘असं काहीतरी वाजवा’ सांगून चालत नाही. हे काम करणारा म्हणजे संगीत संयोजक, स्टुडिओच्या भाषेत अरेंजर. आपण एखादं जुनं गाणं गुणगुणताना मधला वाद्यांचा तुकडाही तोंडाने वाजवतो ना, तो तुकडा पुष्कळदा अरेंजरच्या हातचा असतो.

सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलं मोठं नाव. शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं. आता त्या काळातल्या शंकर-जयकिशनच्या सिनेमांच्या पाट्या नीट पाहा. ‘संगीत’ या शब्दाखाली संगीतकारांची नावं मोठ्या अक्षरांत. आणि ‘साहाय्यक’ म्हणून दोन नावं पुन्हा पुन्हा दिसतात : दत्ताराम आणि सेबॅस्टियन. दत्ताराम वाडकरही मूळचे गोव्याचेच. त्यांचं काम तालाचं होतं. त्यांचा ठेका इतका स्वतःचा होता की वादक आजही त्याला ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात, आणि पुढे त्यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणूनही सिनेमे केले. म्हणजे एक जण तालाची बांधणी बघतो, दुसरा तंतुवाद्यांची, आणि पाटीवर दोघांनाही एकच शब्द : साहाय्यक. तोच शब्द संगीतकाराची पेटी उचलून आणणाऱ्यालाही लागू पडला असता.

इथे कोणी म्हणेल, अरे, नाव तर दिलं होतं! दिलं होतं, खरं. म्हणून तर मी या उदाहरणापाशी थांबलो. नाव न देण्याचा अन्याय सगळ्यांना दिसतो. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून लता मंगेशकरांच्या ऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं, हा किस्सा सगळे सांगतात. ‘जंजीर’च्या वेळी, १९७३ साली, सलीम-जावेद यांनी मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली, तोही किस्सा सगळे सांगतात. पण नाव बरोबर आणि कामाचा शब्द चुकीचा, या प्रकाराचा कोणी किस्सा करत नाही. कारण त्यात भांडायला काही दिसत नाही. तरी नुकसान तेवढंच होतं. पन्नास वर्षांनी एखादा विद्यार्थी पाट्या वाचून त्या काळाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला सापडणार ‘साहाय्यक’. सेबॅस्टियन यांनी काय लिहिलं, हे त्या शब्दातून कधीच कळणार नाही. आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या वादकांच्या आठवणींमुळे आणि त्या लिहून ठेवणाऱ्या मोजक्या लोकांमुळे. पाट्यांनी ते काम केलं नाही.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे दुसरं उदाहरण. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांचं नाव गाण्यातच आलं, शिष्याने दिलेली गुरुदक्षिणा म्हणून. साऱ्या देशाने ते नाव तोंडपाठ केलं आणि बहुतेकांना वाटलं, ते फक्त एका पात्राचं नाव आहे. ज्याचं नाव पाट्यांमध्ये त्याच्या कामासकट यायला हवं होतं, ते गाण्यात आलं आणि कामाशिवाय आलं. गंमत वाटते, आणि वाईटही वाटतं.

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचं यावर म्हणणं असं : ‘चाल ज्याची, गाणं त्याचं. शिंप्याचं नाव कोणी नवरदेवाच्या पत्रिकेत घालतं का?’ मुद्दा वाईट नाही. पण मी तिला सांगितलं, पत्रिका ही नोंद नाही, आमंत्रण आहे. आणि मी कुठे म्हणतोय की सेबॅस्टियन यांचं नाव संगीतकारांच्या शेजारी लावा? चाल ज्याची त्याला ‘संगीत’ हा शब्द द्यावाच. माझी मागणी एवढीच की जो संयोजन करतो त्याला ‘संगीत संयोजन’ हा शब्द मिळावा. मान वाढवायची नाही. काम सांगायचं आहे.

आणि हा फक्त इतिहासाचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हा सादरकर्त्यांचे, म्हणजे गायक, वादक, नट, नर्तक यांचे हक्क वाढवले. त्यांत एक हक्क असा की ‘हे सादरीकरण माझं आहे’ असं सांगता यावं. पण त्याच दुरुस्तीने सादरकर्त्याच्या व्याख्येला, कलम २ (क्यूक्यू) मध्ये, एक पुस्ती जोडली. तिचा आशय असा : सिनेमात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि या धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत किंवा इतरत्र कुठेच उल्लेख होत नाही, त्याला सादरकर्ता मानायचं नाही. एक अपवाद ठेवला आहे : आपल्या सादरीकरणाची बदनामीकारक मोडतोड झाली तर हरकत घेण्यापुरता तो सादरकर्ता धरला जाईल.

ही पुस्ती मी तीन-चारदा वाचली. किरकोळपणाची अट तिच्यात आहे, त्यामुळे गाणंभर वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्याला तिने सरळ बाहेर काढलं असं नाही. गर्दीत एकदा दिसून गेलेल्या माणसासाठी ती केली असावी. पण तिचा दुसरा अर्धा भाग पाहा. कोण कलाकार आणि कोण नाही, हे ठरवताना कायदा धंद्याच्या रिवाजाकडे बोट दाखवतो. आणि रिवाज कोण पाडतं? यादी टाइप करणारा. दोन-तीन मिनिटांच्या पाट्यांच्या काळात जागा नाही म्हणून जी नावं गळली, ती ‘नेहमीच गळतात’ म्हणून आज एखाद्याच्या हक्काच्या आड येऊ शकतात. यादीतली सवय अशी कायद्याची भाषा होते.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचं आणि अमेरिकेचं सोड, आपल्याला काय त्याचं? आपल्याला आहे. आपल्या कॉलेजांमध्ये आता दरवर्षी लघुपट होतात. आम्हीही या वर्षी अठरा मिनिटांचा एक केला, तेवीस माणसांत, आणि यादी करायचं काम माझ्याकडे होतं. तिथे कळलं की वरचे सगळे प्रश्न छोट्या रूपात आपल्या टेबलावर येऊन बसतात.

पहिला वाद ‘विशेष आभारा’वरून. एका मुलाने दोन प्रसंगांसाठी बासरी वाजवून फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. तो चित्रीकरणाला कधी आलाच नाही म्हणून कुणीतरी त्याला विशेष आभारांत टाकलं होतं. मी म्हटलं, घर वापरायला दिलं त्या काकूंचे आभार, दुपारी पाव-भाजी पाठवली त्यांचे आभार. बासरी ऐकू येते आहे, ते काम आहे. त्यावरून आम्ही साधा नियम केला : पडद्यावर जे दिसतं किंवा ऐकू येतं, ते ज्याने केलं त्याला कामाच्या नावासकट यादीत जागा, ज्याने काही दिलं त्याचे आभार. बासरी ‘वादक’ या मथळ्याखाली गेली, वाद्याच्या नावासह. मायक्रोफोनची काठी उन्हात धरून उभ्या राहिलेल्या मुलीला आधी ‘साहाय्यक’ लिहिलं होतं. तिच्या नावापुढे ‘बूम’ लिहिलं. एक शब्द बदलला, पण त्याने तिचं काम कळलं.

दुसरा वाद नावांवरून. आपल्याकडे आडनाव कोणी डिसोझा लिहितं, कोणी डिसोजा, कोणी डिसौझा, आणि कागदपत्रं रोमन लिपीत. मी प्रत्येकाला आपलं नाव देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगितलं आणि तसंच टाइप केलं. प्रा., डॉ., सौ. ही सगळी बिरुदं काढली. ज्या सरांनी प्रकाशयोजना केली त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती. तेच म्हणाले, ‘दिव्याला माझी पदवी माहीत नाही रे.’

तिसरा वाद वेळेचा, आणि हा खरा त्रासदायक. यादी पडद्यावर सरकवताना आमची उंची होती १०८० पिक्सेल. नावं, मथळे आणि मोकळ्या जागा धरून यादी झाली सुमारे ४८०० पिक्सेल उंच. शेवटची ओळ वरून बाहेर जाईपर्यंत एकूण प्रवास ५८८०. संकलन करणाऱ्याला हे चाळीस सेकंदांत संपवायचं होतं. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर चाळीस सेकंदांत ९६० चौकटी, म्हणजे प्रत्येक चौकटीला सहा आणि वर थोडे पिक्सेल. दोन गोष्टी बिघडल्या. अपूर्णांकातल्या वेगामुळे अक्षरं थरथरायला लागली, आणि देवनागरीत हे जास्त दिसतं, कारण शिरोरेषा आडवी आणि बारीक असते, ती प्रत्येक चौकटीत जाड-पातळ होते. दुसरं म्हणजे प्रत्येक नाव पडद्यावर जेमतेम सात सेकंद. घरचे मोठे लोक मुलाचं नाव शोधेपर्यंत ते गेलेलं. आम्ही वेग पूर्ण आकड्यावर आणला, चौकटीला चार पिक्सेल. थरथर थांबली, प्रत्येक नावाला अकरा सेकंदांहून थोडं जास्त मिळालं, आणि सगळी यादी एकसष्ट सेकंदांत संपली. वीस-एकवीस सेकंद जास्त गेले, एवढंच. जागा नाही, वेळ नाही, हे आपण किती सहज म्हणतो! मोजलं तर वीस सेकंद निघतात.

मराठी नाटकात एक चांगली पद्धत आहे. पडदा उघडायच्या आधी ध्वनिक्षेपकावरून नावं सांगतात : नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना अमुक, रंगभूषा अमुक. कामाचं नाव आधी, माणसाचं नंतर. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला दिव्यांचं काम कोणी केलं ते दिवे लागण्याआधीच कळतं. आपल्या लघुपटांना अनुकरण करायचंच असेल तर या शिस्तीचं करावं.

म्हणून मंडळापुढे माझी मागणी अगदी लहान आहे. पुढच्या वर्षीपासून आपल्या कोणत्याही लघुपटात किंवा एकांकिकेच्या पत्रकात नुसता ‘साहाय्यक’ हा शब्द छापू नये. दिग्दर्शन साहाय्यक लिहा, ध्वनी साहाय्यक लिहा, आणि ज्याने संयोजन केलं त्याला संयोजक लिहा. ती यादी चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी सुरू करा, शेवटच्या रात्री आठवून करू नका. रोज संध्याकाळी कोणी काय केलं ते वहीत टिपत जा. आणि प्रदर्शनाच्या आधी ती वही सगळ्यांना एकदा दाखवा, म्हणजे ज्याला आपल्या कामाचा शब्द पटत नाही त्याला तो बदलून मागता येईल.